'पूर' शोधला की 'कोल्हापूर' येतं: प्रिसिजन आणि रिकॉलची ओढाताण

प्रश्न: "कोल्हापुरातल्या आमच्या वाचनालयात वर्तमानपत्रांची जुनी कात्रणं आहेत. त्यांचे मथळे टाइप करून मी एक छोटा शोध तयार केलाय. 'पूर' टाकलं की ग्रंथपाल मॅडम म्हणतात, नको ते फार येतंय. चाळण बारीक केली की पूररेषेचा अभ्यास करणारे सर म्हणतात, निम्मी कात्रणं गायब आहेत. प्रिसिजन आणि रिकॉल दोन्ही एकदम का वाढत नाहीत? आणि शोध चांगला झालाय की नाही हे ठरवायचं कशावरून? सोप्या उदाहरणानं सांगाल का?"

उत्तर:

मॅडमचं आणि सरांचं, दोघांचंही बरोबर आहे. ते दोन वेगळ्या गोष्टी मोजतायत. मॅडम पडद्यावर आलेली यादी बघतायत आणि विचारतायत, यातलं कामाचं किती? हे प्रिसिजन. सर पेटीतच राहून गेलेल्या कात्रणांबद्दल बोलतायत. त्यांचा प्रश्न असा, की कामाची जेवढी होती त्यातली आली किती? हे रिकॉल.

```
प्रिसिजन = (आलेली आणि कामाची) / (एकूण आलेली)
रिकॉल    = (आलेली आणि कामाची) / (संग्रहातली एकूण कामाची)
```

वरचा आकडा दोन्हीकडे तोच आहे, फरक फक्त छेदात आहे. पहिला छेद समोर दिसतो, यादी मोजली की झालं. दुसरा छेद दिसत नाही, कारण न आलेली कात्रणं पडद्यावर नसतात. माझ्या मते या विषयातली बहुतेक गडबड या न दिसणाऱ्या छेदातून होते. त्याच्याकडे पुढे येतोच.

आधी तुमचंच उदाहरण घेऊन हिशेब करू. समजा संग्रहात 600 कात्रणं आहेत. कुणीतरी एकदा बसून सगळी वाचली आणि त्यातली 50 'कोल्हापूर परिसरातला पूर' या विषयाची निघाली. हे आकडे आणि पुढचेही मी हिशेबाच्या सोयीसाठी धरलेत. मथळे मात्र तुमच्या पेटीत असतातच, त्या वळणाचे आहेत.

पहिली फेरी सगळ्यात कडक. मथळ्यात 'पूर' हा सुटा शब्द असेल तरच कात्रण दाखवायचं. 12 येतात, त्यातली 11 कामाची. 'पंचगंगेला पूर, सखल भागात पाणी' हे बरोबर. बारावं निघतं 'उमेदवारांच्या आश्वासनांचा पूर'. प्रिसिजन 11/12, म्हणजे 92 टक्के. रिकॉल 11/50, फक्त 22 टक्के. मॅडम खूश, सर नाराज.

39 कात्रणं राहिली कशी? मराठीत शब्दाला प्रत्यय लागला की त्याचं रूप बदलतं. 'पुराचे पाणी ओसरू लागले', 'महापुराने ऊस कुजला', 'पूरग्रस्तांना धान्यवाटप' या तिन्ही मथळ्यांत 'पूर' हा सुटा शब्द कुठेच नाही. 'पुराचे' मध्ये तर ऊकारच ऱ्हस्व झालाय. आपल्याला तो त्याच शब्दाचा भाऊ वाटतो, पण संगणकासाठी 'पू' आणि 'पु' या वेगवेगळ्या खुणा आहेत.

इथेच एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण मराठी शोधात ती हमखास नडते. पायथॉनचं नेहमीचं `re` वापरून सुटा शब्द पकडायला `\b` लिहिलं असेल, तर ते मराठीत नीट चालत नाही. काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना ते शब्दाचा भाग समजत नाही, त्यामुळे कान्यापाशी शब्द संपला असं धरतं.

```python
import re
re.search(r'\bपूर\b', 'कोल्हापूर')   # सापडतं
re.search(r'\bपूर\b', 'नागपूर')      # None
```

'कोल्हापूर' मध्ये 'पूर'च्या आधी काना आहे, 'नागपूर' मध्ये साधा 'ग' आहे, एवढाच फरक. म्हणून तुमच्या यादीत कोल्हापूर आणि सोलापूर येत असतील, पण नागपूर आणि पंढरपूर येत नसतील, तर कारण हेच समजा. मथळा मोकळ्या जागेवर आणि विरामचिन्हांवर तोडून शब्दाशी शब्द ताडून बघा, किंवा `regex` नावाचं वेगळं मॉड्यूल घ्या. त्याला मात्रा कळतात.

दुसरी फेरी सगळ्यात सैल. मथळ्यात कुठेही 'पूर' ही अक्षरं आली की दाखवायचं. 200 कात्रणं येतात, कामाची 30. रिकॉल 22 वरून 60 टक्क्यांवर गेलं, प्रिसिजन 92 वरून 15 टक्क्यांवर आलं. कोल्हापूरच्या संग्रहात दुसरं काही होणारच नव्हतं. बऱ्याच मथळ्यांची सुरुवात 'कोल्हापूर' अशी असते. शिवाय सोलापूर आहे, 'भरपूर' आहे, 'कापूर' आहे. आणि जोडाक्षर आतून कसं साठवलं जातं हे माहीत नसेल तर आश्चर्य वाटेल असे 'पूर्ण', 'अपूर्ण', 'पूर्व'सुद्धा आहेत, कारण त्यांच्यात प, ऊकार, र हीच क्रमवारी आहे, पुढे हलन्त आहे इतकंच. 'पुराचे' मिळावं म्हणून 'पुर' शोधायला जाल तर पुरस्कार, पुरवठा, पुरुष आणि कोल्हापुरी चप्पल हात धरून येतील.

या 30 बरोबर कात्रणांकडे मात्र जवळून बघा. त्यातली 11 आधीचीच. 12 'महापूर', 'पूरग्रस्त', 'पूररेषा' यांच्यामुळे आली. उरलेली 7 निव्वळ योगायोगानं आली. उदाहरणार्थ, 'कोल्हापूर-पन्हाळा रस्ता पाण्याखाली'. ही बातमी पुराचीच आहे, पण ती सापडली 'कोल्हापूर' या शब्दामुळे. आता मॅडमच्या सांगण्यावरून तुम्ही 'कोल्हापूर' वगळलं, तर यादीतला बराच कचरा जाईल, पण त्याच्यासोबत हे कात्रणही जाईल. चाळण बारीक केली की सरांना कात्रणं गायब झालेली का दिसतात, त्याचं एक उत्तर हे आहे. चुकीच्या कारणानं आलेली बरोबर कात्रणं कचऱ्याबरोबर निघून जातात. कोणताही नियम काढण्याआधी, त्याच्यामुळे येणाऱ्या कामाच्या गोष्टी कोणत्या, हे एकदा बघून घ्यावं ते यासाठी.

इथवर आलेला माणूस 'एक वाढवलं की दुसरं घटणारच' असं मानून थांबतो. मला ते पटत नाही, आणि तिसरी फेरी बघितल्यावर तुम्हालाही पटणार नाही.

तिसऱ्या फेरीत थोडी मेहनत घेऊन शब्दरूपांची यादी करायची. पूर, पुराचा, पुराची, पुराचे, पुराच्या, पुरात, पुराने, पुराला, पुरामुळे, पुरानंतर. हीच रूपं 'महा' लावून. शिवाय पूरग्रस्त, पूररेषा, पूरस्थिती, पूरबाधित यांनी सुरू होणारे शब्द. नुसतं 'पुरा'नं सुरू होणारं सगळं घेऊ नका, पुरावा, पुराण आणि पुरातत्त्व दारात उभे असतात. ही यादी हातानं करायची, अर्ध्या तासाचं काम आहे. आता 40 कात्रणं येतात आणि 36 कामाची असतात. प्रिसिजन 90 टक्के, रिकॉल 72 टक्के.

दुसऱ्या फेरीच्या तुलनेत दोन्ही वाढले. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या फेरीत जी ओढाताण दिसत होती ती बरीचशी ओढाताण नव्हतीच, हत्यार बोथट होतं. 'पूर' आणि 'कोल्हापूर' यांतला फरक त्या शोधाला करताच येत नव्हता, म्हणून दोन्ही घ्या किंवा दोन्ही सोडा एवढाच पर्याय उरत होता. फरक करता येऊ लागला तशी दोन्ही माणसांची तक्रार एकदम कमी झाली. तेव्हा तडजोडीला बसण्याआधी विचारायचा प्रश्न असा, की मी ज्या दोन गोष्टींत निवड करतोय त्या वेगळ्या ओळखण्याचा काही मार्ग आहे का? असेल तर आधी तो वापरा.

खरी ओढाताण यानंतर सुरू होते. 14 कात्रणं अजून बाहेर आहेत आणि त्यांच्या मथळ्यात 'पूर' कोणत्याच रूपात नाही. 'पंचगंगा इशारा पातळीवर', 'राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी 43 फुटांवर', 'राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले'. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही माहीत असतं. मथळा लिहिणाऱ्यानंही तेच गृहीत धरलं आणि 'पूर' हा शब्द लिहिलाच नाही. शोधाला हे माहीत नाही. मग चौथ्या फेरीत आपण त्याला शब्द शिकवतो. इथे मी एक गोष्ट आवर्जून करायला सांगेन. सगळे शब्द एकदम टाकू नका, एकेक टाका आणि प्रत्येकानं नवीन किती आणलं, त्यातलं कामाचं किती, हे लिहून ठेवा.

'इशारा पातळी', 'धोका पातळी' आणि 'राजाराम बंधारा' आपापल्या रूपांसकट मिळून 6 नवीन कात्रणं आणतात, त्यातली 5 कामाची. हे शब्द फारच स्वस्त पडले. यादी आता 46 झाली, कामाची 41, प्रिसिजन 89 टक्के आणि रिकॉल 82 टक्के. प्रिसिजनला जेमतेम टिचभर धक्का लागला.

मग 'पंचगंगा', अर्थात 'पंचगंगेचे', 'पंचगंगेला' या रूपांसकट. 22 नवीन, कामाची 4. बाकीची नदीचं प्रदूषण, जलपर्णी, घाटावरचा दीपोत्सव यांची. 'राधानगरी' 8 आणते, कामाचं 1. उरलेली अभयारण्याची आणि धरणाच्या इतिहासाची. 'अलमट्टी' 4 आणते, कामाचं 1. बाकी धरणाच्या उंचीच्या वादाची. हे सगळं धरून यादी 80 वर जाते, कामाची 47. रिकॉल 94 टक्के, प्रिसिजन 59 टक्के.

आता ही ओढाताण अस्सल आहे. 'पंचगंगा' हा शब्द पुराच्या बातमीतही येतो आणि जलपर्णीच्या बातमीतही येतो, आणि फक्त मथळा हातात असताना काही कात्रणांत तो फरक करताच येत नाही. मार्ग थोडासा अरुंद करता येतो, म्हणजे 'पंचगंगा' सोबत 'पातळी', 'फूट' किंवा 'पात्राबाहेर' असेल तरच घ्यायचं. पण प्रत्येक अटीबरोबर एखादं बरोबर कात्रण गळतंच.

तिसरी आणि चौथी फेरी वेगळे शोध न समजता एकच लांब यादी समजा. वर शब्दरूपांनी आलेली 40, त्याखाली पातळीवाली 6, त्याखाली पंचगंगा, राधानगरी आणि अलमट्टीची 34, आणि सगळ्यात खाली उरलेली 520. प्रश्न फक्त थांबायचं कुठे हा आहे. 46 वर थांबलात तर 89 आणि 82. 80 वर थांबलात तर 59 आणि 94. थांबलातच नाहीत तर रिकॉल 100 टक्के आणि प्रिसिजन 50/600, म्हणजे 8 टक्के. खाली सरकताना रिकॉल कधीच कमी होत नाही, कारण आलेलं कात्रण परत जात नाही. प्रिसिजन मधूनमधून वर उसळी घेतं, पण चांगली क्रमवारी असेल तर एकूण कल खालीच. सिरिल क्लेव्हरडन या इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डच्या ग्रंथपालानं 1960 च्या दशकात 1,400 लेख आणि 225 प्रश्न घेऊन हीच मोजणी पद्धतशीर केली होती. शोध मोजण्याची आजची पद्धत बरीचशी तिथूनच आली.

आता कशावरून ठरवायचं, याकडे वळतो.

प्रिसिजन समोर दिसतं आणि रिकॉल दिसत नाही, त्यामुळे माणूस नकळत प्रिसिजनच्या बाजूनं निकाल देतो. यादी स्वच्छ दिसली की 'सगळं मिळालं' असं वाटतं. याचा सगळ्यात बोलका पुरावा 1985 चा आहे. डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या दाव्याची कागदपत्रं तपासली. सुमारे 40,000 दस्त, साडेतीन लाखांच्या आसपास पानं. वकिलांची अट होती की कामाच्या कागदांपैकी निदान 75 टक्के मिळालेच पाहिजेत, आणि शोध संपवताना ते मिळालेत अशी त्यांची खात्री होती. प्रत्यक्षात सरासरी रिकॉल 20 टक्क्यांच्या जवळपास निघालं. प्रिसिजन मात्र 79 टक्क्यांच्या आसपास होतं. आलेले कागद चांगले होते, म्हणूनच राहिलेल्यांचा संशय आला नाही. कारणही तुमच्यासारखंच होतं. एका बाजूच्या लोकांनी 'अपघात' लिहिलं होतं, दुसऱ्या बाजूच्यांनी त्याच गोष्टीला 'घटना' किंवा 'दुर्दैवी प्रसंग' म्हटलं होतं. तुमच्या संग्रहात एका वार्ताहरानं 'पूर' लिहिलं आणि दुसऱ्यानं 'पाणी 43 फुटांवर' लिहिलं, तसंच.

म्हणून माझा आग्रह असा, की आलेली यादी तपासायला जेवढा वेळ देता त्यापेक्षा जास्त वेळ न आलेल्यांना द्या. 600 कात्रणं असतील तर सरळ सगळी वाचा, दोन-तीन दुपारी लागतील, आणि पुढे प्रत्येक बदल त्याच उत्तरपत्रिकेवर तपासता येईल. संग्रह हजारांत असेल तर ते जमणार नाही. मग न आलेल्यांतून चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी काही कात्रणं काढायची आणि वाचायची.

यात एक फसवी जागा आहे. समजा राहिलेल्या 520 मधून 100 काढली आणि त्यात पुराचं एकही निघालं नाही. 'रिकॉल शंभर टक्के' असं वहीत लिहू नका. 520 मध्ये 10 कामाची कात्रणं लपलेली असली तरीही साधारण आठ-नऊ वेळांत एकदा अशी 100 कोरी निघू शकतात. तसं असेल तर तुमचं खरं रिकॉल 47/57, म्हणजे 82 टक्के. कोऱ्या नमुन्यावरून 'फारशी राहिलेली नाहीत' एवढंच म्हणता येतं.

दुसरी पद्धत मला कोल्हापूरच्या बाबतीत जास्त उपयोगी वाटते. अलीकडचे मोठे पूर कधी आले होते हे आपल्याला माहीत आहे. 2005, 2019 आणि 2021. या तीन वर्षांतली जुलै-ऑगस्टची कात्रणं काढा आणि त्यातली शोधात न आलेली सगळी वाचा. तुमच्या शोधाला नसलेले शब्द तिथेच दडलेले असतात. यातून टक्का मात्र काढू नका, कारण हा निवडक भाग आहे आणि बाकीच्या वर्षांना तो लागू होणार नाही. शब्द सापडण्यासाठी ही पद्धत, टक्का काढण्यासाठी चिठ्ठ्यांची.

मोजणीला बसण्याआधी 'कामाचं' म्हणजे काय ते एका ओळीत लिहून काढा. 'आसाममध्ये पुराचे थैमान' कामाचं का? वरच्या हिशेबात मी 'कोल्हापूर परिसर' अशी अट धरली म्हणून ते चुकीत गेलं. 'पूरग्रस्तांच्या अनुदानवाटपाची चौकशी' कामाचं का? पूररेषेच्या अभ्यासाला ते नको असेल, पुनर्वसनाच्या अभ्यासाला हवंच असेल. मॅडम आणि सर दोघांनाही एकमेकांशी न बोलता तीच पन्नासेक कात्रणं तपासायला द्या. जिथे उत्तरं जुळत नाहीत तिथे नियम मोघम आहे. तो आधी नीट करा, नाहीतर शोधात बदल करून वाढलेले दोन-चार टक्के हे खरं तर तपासणाऱ्याच्या मनातल्या बदलाचे असतील.

दोन आकड्यांचा एक आकडा करायची पद्धत तुम्हाला कुठे ना कुठे भेटेलच, तिला एफ-स्कोअर म्हणतात. साध्या F1 मध्ये दोघांना सारखं वजन असतं. 46 च्या यादीला 0.85 मिळतात आणि 80 च्या यादीला 0.72, म्हणजे छोटी यादी सरस. रिकॉलला जास्त वजन देणारा F2 लावला तर 0.83 आणि 0.84, म्हणजे जवळपास बरोबरी आणि लांब यादी केसभर पुढे. वजन बदललं की निकाल फिरतो, आणि वजन किती द्यायचं हे कोणतंही सूत्र सांगत नाही. ते शोधणाऱ्याच्या कामावरून ठरतं. एकाच संग्रहावर दोन पद्धतींची झटपट तुलना करायला F1 ठीक आहे, पण कुठे थांबायचं याचा निर्णय मी त्याच्यावर सोडणार नाही.

त्याऐवजी एक साधा हिशेब करा. 46 वरून 80 वर गेलं तर सरांना 34 मथळे जास्त वाचावे लागतात आणि 6 कात्रणं मिळतात. मथळे वाचायला पाचेक मिनिटं. अभ्यासात एखादी 43 फुटांची नोंद सुटली तर होणारं नुकसान त्याच्या कितीतरी पट आहे, तेव्हा सरांना 80 च द्या. मॅडमकडे काउंटरवर शाळेच्या प्रकल्पासाठी मुलगी आली असेल तर तिला चार-पाच चांगली कात्रणं हवी असतात. तिच्यासाठी पहिल्या 10 मधली किती कामाची एवढंच मोजा, रिकॉलचा विचारच नको. एकच चाळण दोघांना लावायची गरज नाही. पहिल्या पानावर 46 दाखवा आणि खाली 'संबंधित आणखी कात्रणं' असं बटण देऊन उरलेली 34 उघडू द्या. मात्र ते बटण ठळक ठेवा, कारण यादी संपली असं वाटलं की माणूस खाली बघत नाही.

राहता राहिली शेवटची 3. 'शिरोलीजवळ महामार्ग बंद', 'चिखली, आंबेवाडीकरांनी घरे सोडली' आणि दुसऱ्या फेरीत योगायोगानं आलेलं 'कोल्हापूर-पन्हाळा रस्ता पाण्याखाली'. यांच्यासाठी शब्द वाढवत बसू नका. 'पाण्याखाली' जोडलं तर तिसरं येईल, पण हजारो एकर शेती पाण्याखाली आणण्याच्या सिंचनाच्या घोषणाही येतील. 'महामार्ग बंद' जोडलं तर आंदोलनं आणि अपघात येतील. मथळ्यात जी माहितीच नाही ती मथळ्यावरच्या शोधातून निघणार नाही. तुमच्या नोंदवहीत विषयाचा एक रकाना वाढवा आणि कात्रण नोंदवणाऱ्यानं बातमी वाचून तिथे 'पूर' लिहावं. ही तिन्ही मग एकही कचरा न आणता वर येतील. हा रकाना भरणाराही कधीतरी विसरतो, त्यामुळे मथळ्यावरचा शोध बंद करू नका, दोन्ही एकत्र चालवा. आणि कामाला सुरुवात करायची झाली तर 2005, 2019 आणि 2021 च्या जुलै-ऑगस्टच्या कात्रणांपासून करा.